परसातल्या आंब्याचं कलम

सातवीनंतर शाळा सुटली आणि राजापूर तालुक्यातल्या एका नर्सरीत मी कलमं बांधायला लागलो. मजुरी जगलेल्या कलमामागे मिळायची, त्यामुळे हात आपोआप साफ झाला. स्वतःचा धंदा काढावा असं मनात होतं, पण हापूसची कलमं घरोघरी मिळतात, त्यात मला कोण विचारणार? वाट सापडली ती महामार्गाच्या रुंदीकरणात. रस्त्यालगतच्या एका घरासमोरचा जुना रायवळ तुटणार होता. मुंबईहून आलेले घरमालक म्हणाले, "याची कोय लावू का?" मी म्हटलं, "काका, कोयीतून हेच फळ येईल याचा भरवसा नाही. काडी घेऊन कलम बांधूया."

म्हाताऱ्या झाडाला कोवळी फूट कमी असते, म्हणून उन्हाकडच्या फांदीवरच्या तीन-चार महिन्यांच्या, टोकाचा डोळा भरलेल्या काड्या मी हेरल्या. आठ-दहा दिवस आधी त्यांची पानं देठ ठेवून कापली, म्हणजे डोळे फुगतात. काडी काढल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळली तर दोन-तीन दिवस टिकते. पण झाड पडून सुकलं की काहीच हाती लागत नाही.

ज्या रोपावर काडी बसवायची त्या खुंटासाठी ताज्या रायवळ कोयी लागतात, जुन्या झाल्या की उगवत नाहीत. पावसाच्या सुरुवातीला पेरल्या की रोप काही आठवड्यांत तयार होतं. पानं अजून तांबूस असतात तेव्हाच ते कापायचं. कोयीच्या वर चार बोटांवर छाटायचं, मध्ये उभी चीर द्यायची आणि काडीला पाचर करून घट्ट बसवायची. दोघांची जाडी सारखी हवी, निदान एका बाजूची साल तरी सालीला भिडली पाहिजे. मग प्लॅस्टिकची पट्टी आवळून बांधायची. काडी हिरवी राहून डोळा फुटला तर कलम लागलं, काळी पडली तर गेलं. रोपाच्या पिशवीत पाणी साचलं की बुडखा कुजतो. सांध्याखालची फूट दिसेल तेव्हा खुडावी लागते, नाहीतर खुंटच वर येतो आणि काडी मरते. पट्टीही वेळेवर सोडायची, ती खोडात रुतते.

त्या एका झाडानंतर तशीच कामं येत गेली. कुणाचा कापा फणस, कुणाची बिटकी. मला गावातली झाडं ठाऊक आहेत, कुठला आंबा रसाचा, कुठला लोणच्याचा, कुठला एक वर्षाआड धरतो. गिऱ्हाईक नेमकं हेच विचारतं.

रोपं विकायला ठेवायची तर कृषी खात्याचा परवाना लागतो, तो मी घेतला. अर्ज मुलीने भरला, पण तपासणीला आलेल्या साहेबांना, ज्यांच्या काड्या घेतो ते मातृवृक्ष मीच दाखवले.

पैसे अडकतात, कारण कलम द्यायच्या जोगं व्हायला वर्ष जातं. म्हणून अर्धी रक्कम काडी काढतानाच घेतो आणि दोन कलमं मागितली की चार बांधतो.