नऊचा आकडा

प्रबंध सादर करायला सहा दिवस उरले असताना मी तक्त्यांतील स्वल्पविराम तपासत होते, आणि चौदाव्या प्रश्नासमोर ‘कमाल’ या स्तंभात ९ हा आकडा दिसला. माझ्या प्रश्नावलीत १ म्हणजे ‘अजिबात पटत नाही’ आणि ५ म्हणजे ‘पूर्ण पटते’. त्यामुळे नऊ इतके पटणे कोणालाही शक्य नव्हते.

संकेतपुस्तिका उघडली. तिथे माझ्याच अक्षरात लिहिले होते : ‘उत्तर दिले नाही = ९’. नोंदी भरताना मी ते इमानाने पाळले होते, मात्र नऊ हा आकडा नसून खूण आहे, हे संगणकाला सांगायचे राहून गेले होते. खरे तर प्रत्येक प्रश्नासमोर उत्तरदात्यांची संख्या नेमकी २४० दिसत होती, तेव्हाच शंका यायला हवी होती. एकही प्रश्न कोणी सोडलेला नाही, अशी प्रश्नावली निदान मी तरी पाहिलेली नाही.

सरासरीने मला सावध केले नाही, कारण ती ३.० ऐवजी ३.३ झाली होती आणि ३.३ दिसायला अगदी सभ्य आकडा आहे. घोळ सहसंबंधात होता. चौदावा प्रश्न वरिष्ठांवरील विश्वासाचा, पंधरावा कामातील समाधानाचा. पहिला सोडणाऱ्या १२ जणांनी दुसराही सोडला होता. आलेखावर बाकीचे २२८ ठिपके एका बाजूला विखुरलेले आणि हे बारा दूर वरच्या कोपऱ्यात एकमेकांवर बसलेले. रेषा साहजिकच त्यांच्याकडे ओढली गेली. ज्या ०.६८ या सहसंबंधावर मी एक अख्खे प्रकरण उभे केले होते, तो बहुतांशी या बारा जणांच्या मौनाचा होता. (आलेख मी आधी काढलाच नव्हता, हेही इथे कबूल करून टाकते.)

मूळ फाइलला हात न लावता आज्ञावलीत दोन ओळी घातल्या :

```
d$q14[d$q14 == 9] <- NA
d$q15[d$q15 == 9] <- NA
```

पुढच्या ओळीने उत्तराच्या जागी नुसते `NA` दिले, कारण गाळलेल्या नोंदी वगळायला सांगावे लागते. `use = "complete.obs"` जोडल्यावर आकडा आला ०.११, आणि २२८ जणांच्या नमुन्यात तो पाच टक्के पातळीवर सार्थ ठरत नाही.

बाकीचे सगळे प्रश्न त्याच रात्री याच रीतीने तपासले. सकाळी दोन्ही आलेख घेऊन मार्गदर्शक बाईंकडे गेले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, “हे बाराजण वरिष्ठांबद्दल बोलायला का तयार नव्हते, ते पाहिलेस का?”

पाहिले नव्हते. पाच दिवस होते. मी प्रश्नावल्यांचा गठ्ठा पुन्हा खाली काढला.