लेकरांच्या हातची नानकटाई

मे महिन्यात परभणीत तूप थिजत नाही. डब्यात ते तेलासारखं पातळ होऊन बसतं. लेकरांना घेऊन बिस्किटं करायची म्हटलं की ओव्हनच्या आधी मला याच तुपाची काळजी लागते. सुट्टीला भावाची आणि बहिणीची मिळून चार लेकरं येतात. थोरली नऊ वर्षांची, मग एक सहाचा, एक चारची आणि शेंडेफळ अडीच वर्षांचं. दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नसते. चार वाजेपर्यंत या चौघांना घरात धरून ठेवायचं, तर हातांना पीठ लागल्याशिवाय जमत नाही.

पण कुठलं पीठ, हे ठरवावं लागतं. मैदा, दूध आणि अंडं घातलेल्या बिस्किटांचा गोळा लेकरांच्या हाती देऊ नये. मैद्याला ओल लागली आणि वरून मळणं सुरू झालं की त्यात तार सुटते. लेकरं तर मळायची थांबतच नाहीत. मग बिस्किट खुसखुशीत न होता चामट होतं. शिवाय अंडं असलं की बोटं चाटणाऱ्याच्या मागे आपण दिवसभर पळायचं. नानकटाईत पाणी नाही, दूध नाही, अंडंही नाही. आहे ते फक्त तूप, साखर आणि पीठ. तूप पिठाला वेढून बसतं, तार सुटू देत नाही. त्यातलं निम्मं पीठ ज्वारीचं घेतलं तर आणखीच बरं, कारण ज्वारीत तो चिकटपणाच नसतो. कितीही तिंबा, ती चामट होत नाही. आमच्याकडे परभणी मोती येते, तिचंच पीठ मी घेते. दळण मात्र ताजं हवं. उन्हाळ्यात ज्वारीचं पीठ लवकर कडवट होतं आणि तो कडवटपणा वेलदोड्यानं झाकला जात नाही.

माप वाटीचं. ज्वारीचं पीठ एक वाटी, कणीक एक वाटी, पिठीसाखर एक वाटी, थिजलेलं तूप पाऊण वाटी, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड. यात लहान लिंबाएवढ्या वीसेक नानकटाया होतात. तूप आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवायचं आणि करायच्या थोडं आधी बाहेर काढायचं. बोट रुतलं पाहिजे, पण ते ओघळता कामा नये. पातळ तुपात गोळा छान वळला जातो, ओव्हनमध्ये गेल्यावर मात्र त्याची पोळी होते.

ओट्यावर मी कुणाला चढवत नाही. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर जुनी चादर आणि मध्ये मोठी परात. स्टूल नाही, म्हणजे पडायची भीती नाही. ओट्याकडे कुणी हात लांबवत नाही. आई एकदा दारातून डोकावून म्हणाली, "कामून गं, काय करायलात एवढं? भट्टीवर दिलं असतं तर डबा भरून आला असता." तिच्या काळी दिवाळीच्या आधी रवा, मैदा, साखर आणि डालडा घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं आणि पत्र्याचा डबा भरून आणायचा. ते खरंच. पण भट्टीवर लेकरांना काय काम होतं? रांगेत उभं राहायचं, एवढंच.

थोरलीकडे तूप आणि साखर. परातीत तळहातानं फेटायचं, पाच-सात मिनिटं, रंग पांढरट होऊन हाताला हलकं लागेपर्यंत. हे काम लहानांच्या हातून होत नाही, मनगट दुखतं. सहा वर्षांच्याकडे मापं. वाटी शिगोशीग भरायची नाही, पट्टीनं सपाट करायची. तो पट्टी इतक्या गांभीर्यानं फिरवतो की मधे बोललेलं त्याला खपत नाही. चार वर्षांचीकडे चाळणी, अर्थात रिकाम्या परातीवर धरून. अडीच वर्षांच्याला आधीच मापून ठेवलेल्या वाट्या एकेक करून ओतायला द्यायच्या. तो अर्धी खाली सांडतो, म्हणून त्याच्याकडे वेलदोड्याची पूड आणि थोडंसं पीठ एवढंच ठेवायचं. तूप-साखरेच्या वाट्या त्याच्या हाती जात नाहीत.

आता गोळा. मुठीत दाबला की एकसंध राहिला पाहिजे. भुगा होत असेल तर चमचाभर तूप घालायचं, हाताला तेलकट लागत असेल तर चमचाभर पीठ. चूक झाली तरी ती सावरता येते, म्हणूनच मला हा गोळा आवडतो. शिवाय पाणी नसल्यामुळे बेकिंग पावडर आत गप्प बसून राहते. वीज गेली तर गोळा झाकून फ्रीजमध्ये ठेवायचा, दुसऱ्या दिवशीही नानकटाई तशीच होते. आमच्याकडे विजेचा हा विचार करावाच लागतो.

चाखायचं नाही, हा एकच कडक नियम. अंडं नाही म्हणून कच्चं खायला हरकत नाही, असं पुष्कळांना वाटतं. पण पीठ म्हणजे न भाजलेलं धान्यच. त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात आणि ते भाजल्यावरच मरतात. नुसतं "खाऊ नका" म्हणून लेकरं ऐकत नाहीत, म्हणून शेंगदाण्याचा बारीक कूट आणि गूळ एका वाटीत शेजारी ठेवायचा. तोंडाला काम मिळालं की गोळा वाचतो. अख्खे काजू-बदाम मात्र वरून लावत नाही. अडीच वर्षांच्या गळ्यात अडकले तर काय करायचं? लावायचेच असतील तर पूड करून.

गोळे सगळ्यांनी वळायचे, आणि ते सारखे कधीच होत नाहीत. एक बोराएवढा, एक पेढ्याएवढा. एकाच ट्रेमध्ये ठेवले तर बोर जळतं आणि पेढा आत कच्चा राहतो. म्हणून चार वर्षांचीला निवडायला बसवायचं, लहान एका ट्रेमध्ये, मोठे दुसऱ्यात. शेंडेफळानं प्रत्येकावर अंगठा दाबायचा. त्या खळग्यामुळे मधला भाग पातळ होतो आणि नीट भाजला जातो.

भरलेले ट्रे वीस मिनिटं फ्रीजमध्ये. तोवर ओव्हन 160 अंशांवर दहा मिनिटं तापवायचा. त्याच्या चारी बाजूंनी मी खडूची रेघ ओढते. दाराची काच तापते, वरचा पत्राही तापतो, आणि रेघेच्या आत फक्त मी. आधी एकच नानकटाई भाजून पाहायची. पसरून सपाट झाली तर बाकीचे गोळे अजून थोडं गार करायचे. अजिबात न पसरता दगडासारखी राहिली तर गोळ्यात तूप कमी पडलं. लहानांना बारा-तेरा मिनिटं लागतात, मोठ्यांना सतरा-अठरा. घड्याळ थोरलीकडे. वरून रंग येण्याची वाट पाहू नये. वर भेगा आणि तळाच्या कडेला हलका बदामी रंग दिसला की झालं. त्या वेळी ती मऊच लागते आणि लेकरं हमखास म्हणतात, "आत्या, कच्चीच हाय की!" पुन्हा आत ढकलली तर गार झाल्यावर कडक होते.

गरम नानकटाई उचलली की मोडते. त्यामुळे ट्रे ओट्याच्या मागच्या बाजूला, हात पोचणार नाही असा, निदान वीस मिनिटं. नंतर ज्या मोडतात त्या दुधात कुस्करून शेंडेफळाला, आणि उरलेल्या पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. थोड्या कोमट असताना झाकण लावलं तर वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी त्या मऊ पडतात.