ऐच्छिक शुल्क आणि एकशे पंचेचाळीस वडे

“व्याख्यानाचे पैसे ज्याच्या-त्याच्या मर्जीवर सोडता, मग खुर्च्या किती आणि वडे किती, हे ठरवता कसे? सरळ शंभर रुपये तिकीट का लावत नाही?”

तिकीट लावले तर माणसे मोजणे सोपे होईल, हे मला मान्य आहे. परंतु सभागृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था आणि वक्त्यांचे मानधन हा मोठा खर्च शंभर माणसे आली काय किंवा दीडशे आली काय, तेवढाच राहतो आणि तो वर्षारंभीच सभासदांच्या वर्गणीतून बाजूला ठेवलेला असतो. माणसागणिक वाढतो तो फक्त वडापाव आणि चहा. त्यामुळे काहीही न देणारा श्रोता संस्थेला एका वडापावाइतकाच महाग पडतो, आणि तेवढ्यासाठी कुणाला दारावर अडवणे मला पटत नाही.

पूर्वी मी जमलेल्या रकमेवरून गर्दीचा अंदाज बांधत असे. ती पद्धत टिकली नाही, कारण पाच हजार देणारे गृहस्थ पुष्कळदा देणगी म्हणून देतात आणि व्याख्यानाला फिरकतही नाहीत, तर वीस रुपये भरणाऱ्या आजी दोन सुनांना घेऊन वेळेआधी येऊन बसतात. म्हणून आता नोंदणीत रक्कम आणि ‘किती जण येणार’ हे दोन वेगळे प्रश्न असतात. रक्कम किती, यापेक्षा ती आधी भरली की नाही, यावरून येण्याचा अंदाज बरा बांधता येतो. आमच्या वह्यांनुसार आधी भरणाऱ्यांपैकी सुमारे पंच्याऐंशी टक्के, ‘पेटीत टाकीन’ म्हणणाऱ्यांपैकी साठ टक्के आणि तो रकाना कोरा सोडणाऱ्यांपैकी निम्मे येतात.

हा हिशेब आमच्याच एका व्याख्यानाला कोलमडला. नोंदलेली माणसे 190 होती: आधी भरणारी 80, पेटीवाली 70, कोरी 40. त्यातून 68, 42 आणि 20 येणार, शिवाय नोंदणी न करता येणारे पंधरा, असे धरून मी 145 वडापाव सांगितले. पेटीवाल्या सत्तरांमध्ये मात्र एका शिक्षकांनी एकाच नोंदीत लिहिलेले चाळीस विद्यार्थी होते. माझ्या गणिताने त्यांतले चोवीस येणार होते. पण एकाच बसने येणारे चाळीस जण एक तर सगळे येतात किंवा कुणीच येत नाही. हा गट वगळला तर अपेक्षित संख्या 121, धरला तर 161. एकशे पंचेचाळीस ही या दोन्हींच्या मधली संख्या होती आणि तीच घडण्याची शक्यता सर्वांत कमी होती.

बस आली. मध्यंतरात सोळा वडे कमी पडणार हे दिसताच आमच्या खजिनदारांनी सुचवले की ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांना आधी द्यावे आणि मुलांना चहा-बिस्किटांवर भागवावे. रांगेतले एक गृहस्थ मोठ्याने म्हणालेही, “आम्ही पाचशे भरलेत.” शिक्षकांनी ते ऐकले आणि मुलांना हळूच रांगेबाहेर काढायला सुरुवात केली. मी त्यांना परत रांगेत उभे केले, वडे संपेपर्यंत ज्याचा क्रमांक येईल त्याला द्यायला लावले, आणि ते गृहस्थ रिकाम्या हाताने खुर्चीवर जाऊन बसले. ते त्यानंतर आलेले नाहीत. खजिनदारांच्या मते मी एक देणगीदार घालवला. माझ्या मते, भरलेल्या रकमेवर वडा मिळू लागला की ते ऐच्छिक शुल्क राहत नाही, न छापलेले तिकीट होते. तरीही संस्था चालवायला पाचशे देणारेही लागतात, हे त्यांचे म्हणणे मला खोडता आलेले नाही.

तेव्हापासून दहाहून मोठा गट सरासरीत धरत नाही. गटप्रमुखाला आदल्या दिवशी फोन करून ‘बस ठरली का’ एवढेच विचारतो. आचाऱ्यांशी असे ठरले आहे की बटाट्याचे सारण मोठ्या आकड्याचे करायचे, पण तळणी लहान आकड्यापासून सुरू करायची आणि पुढचा घाणा मध्यंतराआधी डोकी मोजून सोडायचा. उरलेल्या सारणाचे अर्धे पैसे आम्ही देतो. वाटीभर दूध-पाणी वाढवून चहा निभावतो, त्यामुळे त्याची फारशी काळजी नसते. खुर्च्याही आधी लहान आकड्याइतक्याच मांडतो आणि बाकीच्या मागे थप्पी लावून ठेवतो, कारण सगळ्या मांडल्या तर लोक विखरून मागे बसतात आणि वक्त्यांसमोर रिकाम्या रांगा राहतात.

कोरा रकाना सोडणाऱ्यांचे कोडे मात्र तसेच आहे. त्यांना फोन करून ‘येणार ना?’ विचारले तर अंदाज सुधारेल. पण तो फोन पैशांच्या तगाद्यासारखा वाटून काही जण नाव काढून घेतील, अशी मला भीती वाटते. खजिनदार म्हणतात, निदान पन्नास रुपये ठेवा. पुढच्या बैठकीत तो विषय पुन्हा आहे.