पाव स्लॅब

तपासलेले चाचणीचे पेपर मुलांच्या हातात देते, तो तास मी कधी घाईत उरकत नाही. मूल कुठे अडलंय हे त्याच्या चेहऱ्यावरून कळतं, ते त्याच तासाला. डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला, स्थापत्य शाखेला मी प्रकल्प व्यवस्थापन शिकवते. त्या दिवशी अठ्ठावन्न पेपर होते आणि त्यातल्या एकतीस पेपरांत आठ गुणांच्या गणिताखाली एकच वाक्य होतं : ‘प्रकल्पात २ लाखांची बचत झाली आहे.’

बेरीज-वजाबाकी कुणाचीच चुकली नव्हती, म्हणून ते वाक्य मला जास्त खुपलं.

गणित एका छोट्या गोदामाचं होतं. एकूण अंदाजपत्रक २४ लाख, मुदत दहा आठवडे. सहाव्या आठवड्याच्या अखेरीची स्थिती दिली होती. रकमा लाखांत :

| काम | अंदाजपत्रक | नियोजित टक्के | झालेले टक्के | प्रत्यक्ष खर्च |
|---|---|---|---|---|
| खोदकाम | २ | १०० | १०० | २.५ |
| पाया | ६ | १०० | १०० | ६.५ |
| वीटकाम | ५ | ८० | ६० | ३ |
| स्लॅब | ८ | ५० | २५ | २ |
| गिलावा | ३ | ० | ० | ० |

मुलांनी काय केलं ते सरळ दिसत होतं. सहा आठवड्यांत किती रुपयांचं काम व्हायला हवं होतं, ते काढलं : २ अधिक ६ अधिक ४ अधिक ४, म्हणजे १६ लाख. ही पीव्ही, नियोजित मूल्य. मग शेवटच्या रकान्याची बेरीज केली, १४ लाख. हा एसी, प्रत्यक्ष खर्च. सोळा ठरले होते, चौदा गेले, दोन वाचले. घरखर्चाचा हिशेब आपण असाच करतो, त्यामुळे मुलांना यात काही वावगं वाटलं नाही.

मी फळ्यावर फक्त वीटकामाची ओळ लिहिली. ‘सहाव्या आठवड्यापर्यंत किती रुपयांचं वीटकाम व्हायचं होतं?’ चार लाखांचं. ‘खर्च किती?’ तीन लाख. ‘मग एक लाख वाचला?’ बहुतेकांनी माना डोलावल्या. मी विचारलं, ‘भिंत किती उभी आहे?’ साठ टक्के. पाच लाखांच्या साठ टक्के, तीन लाख. वर्ग जरा थांबला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, म्हणजे तो एक लाख वाचला नाही. तेवढी भिंतच बांधली नाही.’

या विषयाचं मर्म त्याच्या वाक्यात आहे. नियोजित आणि प्रत्यक्ष खर्च कितीही वेळा शेजारी ठेवून पाहिले, तरी काम किती झालं ते त्यातून कळत नाही. त्यासाठी तिसरी रक्कम लागते, ईव्ही, अर्जित मूल्य. तक्त्यात ती दिलेली नसते, ती आपणच काढायची : कामाचं अंदाजपत्रक गुणिले झालेले टक्के. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६७ मध्ये आपल्या कंत्राटांसाठी ही पद्धत नियमांत बसवली, तेव्हा या रकमेचं नाव लांबलचक होतं, ‘बजेटेड कॉस्ट ऑफ वर्क परफॉर्म्ड’. जुन्या पुस्तकांत अजूनही ते भेटतं. मला ते आजच्या नावापेक्षा बरं वाटतं, कारण अर्थ नावातच आहे : झालेल्या कामाची अंदाजपत्रकातली किंमत. काम खरं झालेलं, भाव मात्र ठरलेला.

आमच्या गोदामाची ईव्ही २ अधिक ६ अधिक ३ अधिक २, म्हणजे १३ लाख. आता दोन्ही फरक निघतात, वेळेतला म्हणजे एसव्ही आणि खर्चातला म्हणजे सीव्ही :

```
SV = EV − PV = १३ − १६ = −३
CV = EV − AC = १३ − १४ = −१
```

दोन्ही सूत्रांत ईव्ही आधी येते, आणि उत्तर ऋण आलं की बातमी वाईट. काही जणांनी पीव्हीतून ईव्ही वजा करून अधिक तीन आणले होते आणि ‘काम वेळेच्या पुढे आहे’ असं लिहिलं होतं. ज्याची दोन लाखांची बचत दिसत होती, ते गोदाम खरं तर वेळेतही मागे होतं आणि पैशातही.

उणे तीनचा अर्थ सांगताना मी थोडी जास्त थांबले, कारण चार-पाच पेपरांत ‘उशिरामुळे ३ लाखांचा तोटा’ असं आलं होतं. हा तोटा नाही. अंदाजपत्रकातल्या भावाने तीन लाखांचं काम आज उभं असायला हवं होतं आणि ते उभं नाही, इतकंच ते उणे तीन सांगतात. किती दिवस मागे, हेही ते सांगत नाहीत. वेळेतला फरक रुपयांत मोजलेला असतो, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटते. ती घाईने गिळू नये.

मग आम्ही ओळी एकेक करून वाचल्या. परीक्षेत बेरजेलाच गुण असतात, पण तक्ता वाचायची खरी मजा ओळींमध्ये आहे. खर्चाचा उणे एक कुठून आला? खोदकामाचा अर्धा आणि पायाचा अर्धा. वीटकाम आणि स्लॅब, दोन्हीचा खर्चातला फरक शून्य. म्हणजे जादा गेलेला लाख जमिनीखाली आहे. ती कामं संपली, तो पैसा आता परत येणार नाही. उशीर मात्र चालू कामांत आहे : वीटकामात एक, स्लॅबमध्ये दोन. साइटवरच्या माणसाला आज हात घालता येईल तो इथेच.

एका मुलाने वहीत लिहिता लिहिता म्हटलं, ‘म्हणजे खोदकाम वेळेवर झालं.’ मी त्याला तिथेच थांबवलं. खोदकामाचा वेळेतला फरक शून्य आहे, कारण पीव्ही दोन आणि ईव्हीही दोन. पण ते दोन आठवडे उशिरा संपलं असतं, तरी आज शून्यच दिसला असता. काम पूर्ण झालं की ईव्ही अंदाजपत्रकाएवढी होते आणि आधीचा उशीर त्या आकड्यातून पुसला जातो. सगळा प्रकल्प वर्षभर रखडून पूर्ण झाला, तरी शेवटी एसव्ही शून्यच येते. खर्चातला फरक मात्र असा पुसला जात नाही. पायाचे ते अर्धे लाख गोदामाला कुलूप लागेपर्यंत हिशेबात राहतील.

तास संपत आला होता. तेव्हा तिसऱ्या बाकावरची एक मुलगी पेपर घेऊन टेबलाशी आली. तिला मी आठपैकी तीन दिले होते. तिने स्लॅबची ईव्ही शून्य धरली होती, त्यामुळे एकूण ईव्ही ११, वेळेतला फरक उणे ५ आणि खर्चातला उणे ३. मी लाल पेनाने ‘ईव्ही चुकली’ असं लिहून पुढे गेले होते.

‘मॅडम, पाव स्लॅब म्हणजे काय?’ तिने विचारलं.

मी म्हटलं, तक्त्यात पंचवीस टक्के दिलेत ना.

‘हो, पण माझे बाबा सेंटरिंगचं काम करतात. स्लॅब टाकला किंवा नाही टाकला, मधलं काही नसतं. सेंटरिंग ठोकून झालं आणि पाऊस आला, तर बाबांना कोणी पाव स्लॅबचे पैसे देत नाही. स्लॅब टाकल्यावरच हिशेब होतो.’

मला लगेच उत्तर देता आलं नाही. तक्ता मीच बनवला होता, आणि पंचवीस हा आकडा गुणाकार सोपा जावा म्हणून टाकला होता. तो कशावरून मोजला, हे मी स्वतःला विचारलंच नव्हतं. आणि साइटवर ईव्ही नेमकी तिथेच फसते. टक्के अंदाजाने सांगितले की काम झपाट्याने ऐंशी-नव्वदपर्यंत पोचतं आणि मग महिनोन्‌महिने तिथेच बसून राहतं. यावरचा सर्वांत कडक उपाय या मुलीच्या बाबांच्या हिशेबासारखाच आहे. त्याला शून्य-शंभरचा नियम म्हणतात : पूर्ण झाल्याशिवाय काहीच मोजायचं नाही.

मी तिला म्हटलं, ‘तुझं बरोबर आहे, पण तू नियम एकाच बाजूला लावलास.’ ती गोंधळली. मधली सुट्टी झाली होती, तरी सात-आठ मुलं थांबली. तिलाच मी फळ्याकडे पाठवलं.

स्लॅब टाकल्याशिवाय मोजायचा नाही असं ठरलं, तर ते नियोजनालाही लागू झालं पाहिजे. सहाव्या आठवड्यापर्यंत स्लॅब टाकायचं ठरलंच नव्हतं, पन्नास टक्केच ठरले होते. मग त्याची पीव्हीसुद्धा शून्य. तिने खोडून पुन्हा मांडलं : पीव्ही २, ६ आणि ४ मिळून १२, ईव्ही ११, खर्च तोच १४. वेळेतला फरक उणे १, खर्चातला उणे ३.

आधी उणे ३ आणि उणे १ होते, आता उणे १ आणि उणे ३. फळ्यावर दोन्ही उत्तरं शेजारी दिसली, तेव्हा मुलांइतकीच मीही त्यांच्याकडे बघत राहिले. साइटवर एक वीटसुद्धा हलली नव्हती. मोजायचा नियम बदलला आणि ‘उशीर जास्त’ म्हणणारा प्रकल्प ‘खर्च जास्त’ म्हणू लागला. शिवाय दुसऱ्या उत्तरातले दोन लाख खऱ्या अर्थाने जादा गेलेलेही नाहीत. ते सेंटरिंगवर गेलेत, पण त्याचं श्रेय अजून कुठे जमा झालेलं नाही. स्लॅब टाकला की एका दिवसात आठ लाख जमा होतील आणि तो उणे आकडा उडी मारून वर येईल. आठ लाखांच्या कामाला शून्य-शंभरचा नियम म्हणूनच जड जातो. तो आठवडाभरात उरकणाऱ्या लहान कामांना शोभतो.

‘मग स्लॅब मोजायचा कसा?’ तिनेच विचारलं.

स्लॅबचे टप्पे पाडायचे आणि प्रत्येकाचं वजन काम सुरू होण्याआधी ठरवायचं. सेंटरिंग पूर्ण, पंचवीस. लोखंड बांधून तपासून झालं, आणखी पंचवीस. काँक्रीट टाकलं, उरलेले पन्नास. टप्पा पुरा झाला तरच त्याचे टक्के, अर्धवट टप्प्याला काही नाही. असं धरलं की माझ्या तक्त्यातला पंचवीसचा आकडा पहिल्यांदा जमिनीवर येतो : सेंटरिंग झालंय, लोखंड बाकी आहे. नियोजनाप्रमाणे सहाव्या आठवड्यात लोखंडही बांधून व्हायला हवं होतं, म्हणून पन्नास. ती म्हणाली, ‘हे बाबांना पटेल.’

परीक्षेत टक्के दिलेले असतील तर तेच घ्यायचे, हे मी थांबलेल्या सगळ्यांना पुन्हा सांगितलं. बोर्डाच्या पेपरात या तक्त्याचं उत्तर उणे ३ आणि उणे १ असंच धरलं जाईल. तिच्या पेपरातल्या खर्चातल्या फरकाचे दोन गुण मी परत दिले, कारण टक्के कशावर मोजले ते माझ्या प्रश्नात नव्हतं आणि तिने धरलेल्या नियमाने ते उत्तर बरोबर होतं. वेळेतल्या फरकाचे दिले नाहीत. उणे पाच कुठल्याच नियमाने येत नाहीत. तिनेही ते मागितले नाहीत.

संध्याकाळी पुढच्या चाचणीचा तक्ता काढला आणि त्याखाली एक ओळ वाढवली : ‘स्लॅबचे टक्के : सेंटरिंग २५, लोखंड २५, काँक्रीट ५०, पूर्ण झालेलेच टप्पे धरावेत.’ स्लॅबच्या ओळीतला झालेल्या टक्क्यांचा आकडा काढून टाकला. त्याऐवजी लिहिलं, ‘सेंटरिंग पूर्ण, लोखंड अर्धे बांधून झाले.’