गणपतीचा फ्लेक्स कुणाचा? ट्रेसिंग पेपर आणि तीन रंगांची पेन्सिल

श्रावण लागला की बेळगावात मंडळांच्या फ्लेक्सची घाई सुरू होते, आणि दहावी-पीयूसीची मुलं डिझाईन घेऊन चित्रकलेच्या वर्गात येतात. आता त्यातली बरीचशी चित्रं फोनवर, शब्दांवरून चित्र देणाऱ्या एआय साधनानं तयार झालेली असतात. "सर, मी केलंय की हे," या वाक्यावरूनच आमच्या चार तासिका सुरू झाल्या. आधी एक प्रयत्न फसला होता. "याला कला म्हणायचं का?" असा विषय फळ्यावर लिहिला आणि चाळीस मिनिटं नुसता आरडाओरडा झाला. म्हणून नंतर तो प्रश्न बाजूला ठेवला आणि एकच फ्लेक्स घेऊन तीन वेगळे प्रश्न विचारले: हे कुणी घडवलं, ते मालकीचं कुणाचं, आणि यात दुसऱ्याचं काय आलंय? ही तीन उत्तरं वेगवेगळी निघू शकतात, हे मुलांच्या गळी उतरलं की निम्मं काम होतं.

फ्लेक्स असा होता: समोर पावसात उभा गणपती, मागे राजहंसगड, वर मंडळाचं नाव आणि कडेनं तोरण. गणपती आणि तोरण साधनाकडून आलेलं. गडाचा फोटो मुलानं स्वतः येळ्ळूरच्या बाजूनं काढलेला. अक्षरं ब्रशनं हातानं लिहून स्कॅन केलेली. त्याला कारणही होतं: साधनानं काढलेली मराठी जोडाक्षरं मोडत होती, आणि खालच्या कन्नड ओळीतले ओत्तक्षर, म्हणजे अक्षराखाली लागणारी जोडाची अक्षरं, तर भलतीकडेच लटकत होते.

पहिल्या तासिकेत फोन काढायचे नाहीत. मुलानं गणपतीसाठी लिहिलेली सूचना फळ्यावर उतरवली: "पावसात उभा, डाव्या सोंडेचा, चार हातांचा गणपती, मागे किल्ला, संध्याकाळचा उजेड." प्रत्येकानं या शब्दांवरून दहा मिनिटांत पेन्सिलनं कच्चं रेखाटन करायचं. गणपती कुठे उभा, उजेड कुठून, कुठल्या हातात काय, हे सगळं त्यात ठरवावं लागतं. मग तीच सूचना अक्षरशः तशीच तीन वेळा साधनाला दिली आणि तिन्ही चित्रं छापून रेखाटनांशेजारी लावली. हे काम शिक्षकानं आपल्या खात्यावरून करावं. बऱ्याच साधनांच्या अटींत वयाची मर्यादा असते, ती वाचल्याशिवाय मुलांना खाती काढायला लावू नये.

तीन चित्रांत तीन वेगळे गणपती आले. दोघांची सोंड उजवीकडे वळलेली. लगेच वाद: "डावी म्हणजे आपली डावी की देवाची?" हा वाद मुद्दाम चालू द्यावा, कारण सगळी गोम त्यातच आहे. मूर्तिकार डावी सोंड म्हणतो तेव्हा तो देवाची डावी बाजू धरतो. सूचनेत ते कुठेच ठरलेलं नव्हतं, म्हणून ते साधनानं ठरवलं. उजेड कुठून, मोदक कुठल्या हातात, किल्ल्याला बुरूज किती, हेही त्यानंच ठरवलं. एका चित्रात तर किल्ल्यावर राजस्थानी छत्र्या उगवल्या होत्या.

शब्द तेच असूनही चित्रं का बदलतात, हे इथे सांगावंच लागतं, नाहीतर मुलं त्याला नशीब म्हणून सोडून देतात. ही साधनं बहुधा निव्वळ ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतात आणि शब्दांच्या रोखानं तो टप्प्याटप्प्यानं साफ करत नेतात. सुरुवातीचा गोंधळ दर वेळी वेगळा, म्हणून शेवटही वेगळा. त्या सुरुवातीला एक आकडा असतो, त्याला सीड म्हणतात. तोच आकडा, तेच मॉडेल, त्याच सेटिंग आणि तेच शब्द दिले तर जवळपास तेच चित्र परत निघतं, मग बोट कुणाचंही असो. फोनवरच्या अनेक ॲपमध्ये तो आकडा दिसत नाही.

दुसऱ्या तासिकेत फ्लेक्सचं ए-फोर प्रिंट घेतलं आणि त्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवला. तीन सेंटिमीटरचे चौकोन आखले, आडवे सात आणि उभे जवळजवळ दहा, म्हणजे सत्तरच्या आसपास. साधनाकडून आलं आणि तसंच राहिलं ते लाल, मुलानं स्वतः घडवलं किंवा डोळ्यांना दिसेल इतकं बदललं ते निळं, आणि दुसऱ्या कुणाचं असावं अशी शंका येते ते पिवळं. कागद बहुतेक लाल झाला. अक्षरांचे सहा-सात चौकोन निळे आणि गडाचा पट्टा निळा. गडाची एक गंमत होती. मुलानं आधी आपला फोटो साधनाला देऊन "जुळवून घे" म्हटलं होतं, त्यात बुरुजांचा आकारच बदलला. मग त्यानं मूळ फोटो कापून परत बसवला आणि रंग हातानं जुळवले. पहिल्या आवृत्तीत तो पट्टा लाल झाला असता.

इथे एक चूक हमखास होते. मुलं चौकोन मोजून टक्केवारी काढतात आणि "वीस टक्के माझं म्हणजे पास" असं ठरवतात. कायद्यात असं कुठलंही माप नाही. अक्षरांना जागा थोडी आहे, पण त्यांच्यावर मुलाचा हक्क सगळ्यात पक्का, कारण प्रत्येक वळण त्यानं ठरवलंय. चौकोन मोजण्यासाठी नाहीत, बोट ठेवण्यासाठी आहेत.

आता कायदा. भारताच्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात चित्राचा कर्ता म्हणजे चित्रकार आणि फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा. 1994च्या दुरुस्तीनं त्यात आणखी एक ओळ आली: संगणकानं निर्माण झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती ज्या व्यक्तीमुळे निर्माण झाली ती व्यक्ती. हे वाचलं की वर्ग खूश होतो, "मग आम्हीच की!" पण ही ओळ लिहिली तेव्हा शब्दांवरून चित्र देणारी साधनं नव्हती. शिवाय त्याच कायद्यात कृती मूळ असावी लागते, आणि 2007 साली ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नुसती मेहनत पुरे नाही, कौशल्य आणि निर्णयबुद्धी दिसली पाहिजे, थोडीफार तरी सर्जनशीलता हवी, असं धरलं. म्हणजे "मी शंभर वेळा बटण दाबलं" हा मेहनतीचा पुरावा झाला, कर्तेपणाचा नाही.

उदाहरण म्हणून 'सूर्यास्त' हे चित्र फार उपयोगी पडतं. अंकित साहनी यांनी आपणच काढलेला सूर्यास्ताचा फोटो 'राघव' नावाच्या साधनाला दिला, व्हॅन गॉगच्या 'स्टारी नाइट'ची शैली दिली आणि शैली किती लावायची त्याचा एक आकडा दिला. भारतात 2020 साली त्याची नोंदणी झाली, साहनी आणि राघव दोघंही कर्ते म्हणून. पुढे कॉपीराइट कार्यालयानं ती नोंदणी मागे घेण्याची नोटीस काढली. अमेरिकेत डिसेंबर 2023 मध्ये नोंदणी नाकारली गेली, कारण रेषा आणि रंग कुठे कसे पडणार हे साहनींनी नव्हे, साधनानं ठरवलं असं तिथल्या कॉपीराइट कार्यालयाच्या फेरविचार मंडळाचं म्हणणं. जानेवारी 2025 मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं अहवालात तेच सांगितलं: आजच्या साधनांत नुसत्या सूचनेतून माणसाचा पुरेसा ताबा दिसत नाही, पण माणसानं स्वतः घातलेला किंवा बदललेला भाग त्याचा राहू शकतो. हा अमेरिकेचा कायदा, इथे लागू नाही, हे दोनदा सांगावं लागतं. तरी आमच्या सोंडेच्या वादाशी तो इतका जुळतो की मुलांना तो लगेच कळतो.

तिसरी तासिका पिवळ्या रंगाची, आणि तीच सगळ्यात जास्त कामाची. सूचनेच्या शेवटी मुलानं "एस. एम. पंडित यांच्या शैलीत" असं जोडलं होतं. पंडित कलबुर्गीचे. त्यांची पौराणिक कॅलेंडरं आपल्याकडच्या कितीतरी घरांच्या भिंतींवर होती. शैलीला कॉपीराइट नसतो, ठरावीक चित्राला असतो. मग ते ठरावीक चित्र कधी मोकळं होतं? भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं मोजायची. मुलांना फळ्यावर गणित करायला लावलं. कोल्हापूरचे धुरंधर 1944 ला गेले, 1 जानेवारी 2005 पासून मोकळे. बाबूराव पेंटर 1954, म्हणून 1 जानेवारी 2015 पासून. पंडित 1993 ला गेले, म्हणून 2053 संपेपर्यंत नाही. "जुनं दिसतं म्हणजे फ्री" हा समज इथे मोडतो.

शैली कुठे संपते आणि नक्कल कुठे सुरू होते, हे डोळ्यांनी पाहता येतं. आधी तयार चित्र इंटरनेटवर चित्रशोधात टाकायचं. जवळचं काही सापडलं तर त्याच मापाचं प्रिंट काढून मुख्य बाह्यरेषा ट्रेसिंग पेपरवर उतरवायच्या आणि आपल्या चित्रावर ठेवायच्या. रंगछटा आणि उजेड सारखा असेल तर ती शैली. पण हातांची ठेवण, मुकुटाची कड, मागचा ढग असं सगळं रेषेवर रेष बसलं, तर शैली म्हणून सुटता येत नाही. फार प्रसिद्ध चित्रं साधनाला शिकवताना पुन्हा पुन्हा आलेली असतात, म्हणून ती जवळपास तशीच बाहेर पडू शकतात. मुलाला ते माहीत नव्हतं, या सबबीनं नक्कल नक्कल राहायची थांबत नाही. आमच्या गणपतीत रेषा जुळल्या नाहीत, पण तोरणाचा एक कोपरा विकत मिळणाऱ्या एका नक्षीशी जुळला. तो काढून मुलानं आंब्याच्या पानांचं तोरण शाईनं काढलं. लालाचा निळा झाला.

वर्गात हे सगळं तपासताना दुसऱ्याचं चित्र छापायला अडचण नाही, शिकवण्याच्या ओघात शिक्षकानं किंवा विद्यार्थ्यानं केलेल्या प्रतीला कायद्यात सूट आहे. तेच चित्र मंडळाच्या फ्लेक्सवर गेलं की ती सूट संपली. भिंत तीच असली तरी कारण बदललं.

चौथ्या तासिकेत मालकी. मंडळाचे काका म्हणतात, "आमच्यासाठी केलंस म्हणजे आमचंच." मुलगा मंडळाचा नोकर नाही आणि पैसेही घेतलेले नाहीत, तेव्हा त्याच्या अक्षरांचा, तोरणाचा आणि फोटोचा हक्क त्याच्याकडेच राहतो. हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते, म्हणून "फक्त यंदाचा गणेशोत्सव" असं स्पष्ट लिहावं. मूल सज्ञान नसेल तर पालकांची सही. आमचा कागद अर्ध्या पानाचा, मराठीत आणि कन्नडमध्ये होता. नोंदणीची गरज नाही, हक्क त्यावाचूनही मिळतो. नोंदणी करायचीच तर चित्राला 500 रुपये लागतात आणि ती प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालते, एवढंच.

श्रेयओळ मुलांनीच ठरवली: "अक्षरं, तोरण व गडाचा फोटो" आणि पुढे मुलाचं नाव, मग "गणपतीचं चित्र एआय साधनातून, निवड व मांडणी त्याचीच." ही ओळ अगदी खालच्या कडेला घालू नका. फ्लेक्स छापणारा कडा दुमडून चिकटवतो, रिंगा मारतो किंवा पाइपासाठी खिसा करतो, आणि पहिली ओळ त्यात जाते ती हीच. कडेपासून निदान सहा इंच वर घ्या, आणि फाईल देताना दुकानदाराला खिसा किती इंचाचा ते विचारून घ्या.