गल्ल्यातले ४३ हजार आणि दुकानाचा खरा नफा

तालुक्याच्या गावात आमचं भाड्याच्या गाळ्यातलं किराणा दुकान आहे. दुकान चालतं, देणी वेळेवर जातात, घर चालतं. पण महिन्याला नेमके सुटतात किती, हे मला सांगता येत नव्हतं. भावकीतले एक काका पतसंस्थेत बरीच वर्षं हिशेब लिहायचे. त्यांच्याकडे वह्या घेऊन गेलो, तर त्यांनी वह्या उघडल्याच नाहीत. म्हणाले, "आधी माल मोज. शिल्लक माल ठाऊक नसेल तर नफा ब्रह्मदेवालाही सांगता यायचा नाही."

जूनच्या शेवटच्या रात्री शटर अर्धं ओढून आम्ही मोजायला बसलो. मी फळीवरचं एकेक नाव आणि नग सांगायचो, बायको लिहून घ्यायची. सुटा माल, म्हणजे फोडलेली तूरडाळीची गोणी, तळाशी गेलेला गूळ, हे सगळं काट्यावर ठेवलं. अंदाजाने काही धरायचं नाही, असं काकांनी बजावलं होतं. भाव लावायचा तो खरेदीचा, पाकिटावरच्या एमआरपीचा नाही. एमआरपी लावली की न विकलेल्या मालावरचा नफाही आधीच हिशेबात येऊन बसतो. बारावर एक फुकट अशा स्कीमच्या मालाला दिलेली रक्कम तेराने भागून भाव काढला. मुदत संपलेला जो माल कंपनी परत घेते तो वेगळा लिहिला, जो घेत नाही त्याला शून्य. बेरीज आली २,२०,००० रुपये.

जुलैभर रोजमेळ लिहिला. रोख विक्री, मोबाईलवर आलेले पैसे आणि उधारीवर दिलेला माल असे विक्रीचे तीन रकाने. जुन्या उधारीची वसुली चौथ्या रकान्यात. हा चौथा रकाना वेगळा ठेवणं फार गरजेचं आहे. मे महिन्यात नेलेल्या साखरेचे पैसे कुणी जुलैत आणून दिले, तर ती जुलैची विक्री नव्हे. ती मे महिन्यातच झाली, पैसे आत्ता आले. घरी नेलेला माल खरेदीभावाने वेगळा लिहायचा आणि घरखर्चाला गल्ल्यातून घेतलेले पैसे 'उचल' म्हणून. दुकानाच्या खर्चात ते धरायचे नाहीत.

३१ जुलैला पुन्हा मोजदाद केली. शिल्लक माल निघाला १,९४,००० रुपयांचा.

आता हिशेब. महिन्यातली खरेदी १,८०,००० आणि त्यावर टेम्पोभाडं, हमाली ४,०००. आमची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असल्याने जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे बिलातला कर परत मिळत नाही आणि तो खरेदीच्या किमतीतच धरलाय. सुरुवातीचा साठा २,२०,००० अधिक हे १,८४,०००, त्यातून अखेरचा साठा वजा केला की उरतात २,१०,०००. यातला ५,००० चा माल आमच्या घरी गेला. म्हणजे गिऱ्हाइकाला जो माल गेला तो आम्हाला पडला २,०५,००० रुपयांना.

विक्री: रोख १,५०,०००, मोबाईलवर ६०,०००, उधारीवर ३५,०००, एकूण २,४५,०००. ढोबळ नफा ४०,०००, विक्रीच्या १६ टक्क्यांच्या थोडा वर. ही टक्केवारी विक्रीवर काढायची हे मी नीट समजून घेतलं, कारण बाजारात सगळे खरेदीवरची बोलतात. १०० ची वस्तू १२० ला विकली तर खरेदीवर २० टक्के होतात, पण गल्ल्यात आलेल्या १२० मधले आपले २० म्हणजे पावणेसतराच्या आसपासच.

ढोबळ नफ्यातून भाडं ७,०००, लाईट बिल ३,०००, संध्याकाळी येणाऱ्या पोराचा पगार ६,०००, पिशव्या-रिचार्ज वगैरे २,००० गेले. काकांनी आणखी १,००० वजा करायला लावले. ६० हजारांचा फ्रीज पाच वर्षं टिकेल असं धरलं तर तो दर महिन्याला हजार रुपयांनी झिजतो, तो घसारा. निव्वळ नफा राहिला २१,००० रुपये.

मी गोंधळलो तो इथे. कारण गल्ला आणि बँक मिळून माझ्याकडे जुलैच्या सुरुवातीपेक्षा ४३,००० रुपये जास्त होते. नफा २१ हजार, त्यातून घरखर्चाला १८ हजार उचललेले, मग हे ४३ हजार आले कुठून?

काकांनी कागदावर दोन बाजू आखल्या. माझा साठा २,२०,००० वरून १,९४,००० वर आला होता, म्हणजे २६,००० रुपयांचा माल विकून त्याची रोकड झाली आणि तेवढा माल पुन्हा भरला नव्हता. शिवाय १,८०,००० च्या खरेदीपैकी होलसेलवाल्यांना मी १,५०,००० च दिले होते. ३०,००० चं देणं नव्याने चढलं होतं. उलट बाजूला, उधारी ३५,००० ची दिली आणि वसूल २३,००० झाली, म्हणजे १२,००० गिऱ्हाइकांकडे अडकले.

"आता बेरीज कर," म्हणाले. रोकड ४३,००० ने वाढली, येणं १२,००० ने वाढलं. साठा २६,००० ने घटला, देणं ३०,००० ने वाढलं, फ्रीज १,००० ने झिजला. वाढ ५५,०००, घट ५७,०००. भांडवल २,००० ने कमी झालं होतं. तेच दुसऱ्या वाटेनेही आलं: नफा २१,०००, आणि घराकडे गेले १८,००० रोख व ५,००० चा माल, म्हणजे २३,०००. दोन्हीकडून उत्तर एकच येतं तेव्हा वही जुळली असं समजायचं. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. त्या ४३ हजारांतून मी नवा काटा आणि रॅक घेणार होतो; ते होलसेलवाल्यांचे आणि रिकाम्या फळ्यांचे पैसे होते.

ऑगस्टमध्ये ढोबळ नफा एकदम २४ टक्के दिसला. भाव तेच, गिऱ्हाईक तेच, मग असं होणं शक्य नाही. शोधलं तर महिन्याच्या शेवटच्या दिवशी टेम्पोने आलेला माल मोजणीत आला होता, पण व्यापाऱ्याने त्याचं बिल दोन दिवसांनी पाठवल्याने खरेदीत धरलं गेलं नव्हतं. बिल धरलं तशी टक्केवारी जागेवर आली. तेव्हापासून मोजदादीच्या रात्री बिलाविना आलेल्या मालाची यादी वेगळी करतो. टक्केवारी उलट अचानक घसरली तर मी तीन ठिकाणी बघतो: उधारी लिहायची राहिली का, घरी नेलेला माल नोंदवला का, आणि वजनात घट किंवा चोरी आहे का. बहुतेक वेळा उधारीच सापडते, संध्याकाळच्या गर्दीत दिलेली.

त्या २१ हजारांत माझी आणि बायकोची मजुरी धरलेली नाही. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत आम्ही दोघं आलटून पालटून उभे असतो. बाहेर कामाला गेलो असतो तर काय मिळालं असतं ते वजा केलं, तर दुकान म्हणून मागे फार काही उरत नाही. भाडं वाढवायचं म्हणून गाळामालक आले तेव्हा हाच आकडा समोर ठेवून मी बोललो.

या पद्धतीने अख्ख्या दुकानाचा नफा कळतो, कोणत्या मालात किती सुटतं ते कळत नाही. तेल आणि साखर विक्रीचा मोठा भाग खातात आणि त्यांत सुटतं अगदी थोडं, म्हणून आता खरेदी, विक्री आणि मोजदाद या तिन्हींत त्या दोघांचा रकाना वेगळा केलाय. विक्रीच्या वेळी तो लिहिणं कटकटीचं आहे, पण दिवाळीचा माल भरण्याआधी तो आकडा मला हवाय.