यू-नळी, नोंद चौथी: फोटोतला २.७ सेंटिमीटरचा बाण आणि नळीतले २.४ मिलिमीटर

गेल्या आठवड्यात एका सोबत्याने यू-नळीच्या आकृतीचा फोटो पाठवला. वहीत हाताने काढलेली आकृती, वरून तिरपा टिपलेला फोटो, उजवी कड सावलीत. डाव्या भुजेत वर तेल आणि त्याखाली पाणी, उजव्या भुजेत नुसतं पाणी. तेलाच्या स्तंभाशेजारी १८.० सेमी लिहिलेलं, आणि वरच्या बाजूला दोन तुटक रेषांच्या मध्ये छोटा बाण, त्यावर २.७ सेमी. त्या दोनपैकी खालची रेषा नेमकी फोटोच्या कडेला कापली गेली होती. तेलाची घनता काढायची होती. त्याचं उत्तर आलं होतं घनमीटरला १५० किलो. काहीतरी चुकलंय हे त्याला दिसत होतं, कुठे ते सापडत नव्हतं.

अशा आकृतीत मी आकड्यांना हात लावण्याआधी एकच रेघ ओढतो: तेल आणि पाणी जिथे भिडतात त्या पातळीवर, डाव्या भुजेपासून उजव्या भुजेपर्यंत आडवी. या रेघेच्या खाली दोन्ही भुजांत सलग एकच द्रव आहे, म्हणून रेघेवर दोन्हीकडे दाब सारखा. सगळं गणित या वाक्यावर उभं आहे. रेघ थोडी वर सरकली की डावीकडे तेल आणि उजवीकडे पाणी येतं, मग समान पातळीवर समान दाब म्हणता येत नाही. आता रेघेच्या वर काय उरलं ते बघायचं. डावीकडे तेलाचा पूर्ण स्तंभ, L. उजवीकडे रेघेपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतची उंची. नळीच्या तळाच्या वळणापासून मोजलेली पाण्याची पूर्ण उंची इथे कुठेच लागत नाही.

२.७ सेमी म्हणजे नक्की काय, याची उत्तरं दोन संभवतात. तो बाण रेघेपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचा असेल, तर घनतेचं गुणोत्तर २.७ भागिले १८, म्हणजे ०.१५. सोबत्याने हेच धरलं होतं. पण खोलीच्या तापमानाला पेंटेनसारखा हलका द्रवसुद्धा ६२६ च्या आसपास असतो. १५० घनतेचं तेल नळीत ओतायला मिळणार नाही. दुसरा अर्थ असा की बाण दोन मोकळ्या पृष्ठभागांमधला फरक दाखवतो, d. मग पाण्याची उंची L − d, आणि

ρ(तेल) = ρ(पाणी) × (L − d) / L

१८.० मधून २.७ गेले, उरले १५.३. भागिले १८.० केलं की ०.८५. घनता ८५०, तेलाला शोभेल अशी. भागाकार उलटा झाला तर १.१८ येतं, पण तेवढा जड द्रव पाण्यावर बसून राहिलाच नसता, घसरून तळाच्या वळणात गेला असता. हलक्या द्रवाच्या भुजेतला पृष्ठभाग नेहमी वर असतो, आणि आकृतीतही तो वरच आहे.

इथे सोबत्याचा चांगला प्रश्न आला: कापलेली रेषा सोडून द्या, फोटोवर पिक्सेल मोजून ठरवता येणार नाही का? उत्तरात फक्त गुणोत्तर लागतं, म्हणजे मोजमापाचं एकक काहीही चालावं. मी मोजून पाहिलं. तेलाचा स्तंभ ६४० पिक्सेल, वरचा फरक १४२ पिक्सेल, गुणोत्तर ०.२२. लिहिलेल्या आकड्यांवरून मात्र ०.१५. तिरप्या फोटोमुळे किती फरक पडला असेल ते नळीच्या रुंदीवरून कळलं: वर ८८ पिक्सेल, खाली ८१. म्हणजे वरचा भाग जेमतेम आठ-नऊ टक्के मोठा दिसतोय, आणि इथे तफावत जवळपास दीडपट. आकृती मुळात प्रमाणात काढलेलीच नाही. हातच्या आकृतीत छोटा फरक नेहमी फुगवून काढतात, नाहीतर बाण काढायला जागा उरत नाही. तेव्हा आकृतीच्या फोटोत रेषा कुठून कुठे जातात एवढंच बघायचं आणि लांबीसाठी लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा.

खऱ्या नळीच्या फोटोत पिक्सेल चालतात. ते किती चालतात हे बघायचं म्हणून मी माझी काचेची नळी पुन्हा उभी केली: आतला व्यास ८ मिमी, दोन भुजांमधलं अंतर ६० मिमी, मागे आलेख कागद. पाण्यात थोडा रंग. तेल म्हणून नाव नसलेल्या बाटलीतलं एक पातळ खनिज तेल.

पहिला फोटो तेल ओतण्याआधीचा, नुसत्या पाण्याचा, म्हणजे शून्य-फोटो. तो घेतल्याशिवाय मी आता पुढे जात नाही. दोन्ही भुजांत पाणी समान पातळीवर असणारच, त्यामुळे फोटोत त्या दोन पृष्ठभागांना जोडणारी रेषा हीच खरी आडवी रेषा. हातात धरून काढलेल्या फोटोत ती सात पिक्सेलने तिरकी निघाली. भुजा ६० मिमी अंतरावर असताना कॅमेरा एक अंश कलला, तरी पातळीत जवळजवळ १ मिमीचा खोटा फरक दिसतो. मग कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवला, भिंग साधारण नळीच्या मध्याच्या उंचीवर आणले आणि शेवटपर्यंत त्याला हात लावला नाही.

तेल सिरिंजने, पातळ नळी काचेला टेकवून, सावकाश सोडलं. घाई केली की पाण्याचा एखादा थेंब तेलात अडकतो किंवा हवेचा बुडबुडा राहतो. नळीची पूर्ण रुंदी अडवणारा बुडबुडा वाईट, कारण तेवढी लांबी तेलात धरली जाते आणि तिला वजन काहीच नसतं. पहिल्या भरीत असा एक राहिला होता. तारेने काढला आणि वाचन पुन्हा घेतलं.

एकूण पाच भरी केल्या. प्रत्येक वेळी दोन्ही उंची तेल-पाण्याच्या सीमेपासून मोजल्या, मिलिमीटरमध्ये:

तेल ६१.०, पाणी ५५.४, गुणोत्तर ०.९०८
तेल ९९.०, पाणी ८८.७, गुणोत्तर ०.८९६
तेल १४१.०, पाणी १२५.०, गुणोत्तर ०.८८७
तेल १७९.०, पाणी १५८.१, गुणोत्तर ०.८८३
तेल २२०.०, पाणी १९३.९, गुणोत्तर ०.८८१

एकच भर करून थांबलो असतो तर ०.९०८ वर समाधान मानलं असतं, कारण तेलासाठी तो आकडाही अगदी पटण्यासारखा आहे. पण तेल तेच, तापमान तेच, आणि गुणोत्तर मात्र दर भरीला उतरतंय. वाचनातल्या साध्या चुका आकडा वर-खाली करतील, सतत एकाच दिशेला नेणार नाहीत. उंची वाढेल तसा परिणाम कमी होतोय, म्हणजे पाण्याच्या उंचीत कुठून तरी एक ठरावीक लांबी मिसळली जातेय. स्तंभ छोटा असताना ती जास्त बोचते.

माझा पहिला संशय सीमेवर होता, कारण तिथे वाचन अवघड जातं. आकडेमोड केल्यावर तो फिटला. शेवटच्या भरीत सीमा १ मिमी खाली वाचली, तर तेल २२१.० आणि पाणी १९४.९ होतं, गुणोत्तर ०.८८१४ वरून ०.८८१९ वर जातं. दोन्ही उंची एकदम वाढतात आणि चूक बहुतेक विरून जाते. पाण्याच्या पृष्ठभागाच्या वाचनात तीच १ मिमीची चूक झाली, तर गुणोत्तर ०.८८५९ होतं, म्हणजे सुमारे साडेआठपट परिणाम. म्हणून सीमा अंदाजाने वाचली तरी निभावतं. वरचे दोन पृष्ठभाग मात्र जिवापाड जपावे लागतात.

मग पाचही बिंदू आलेखावर मांडले, आडवी तेलाची उंची, उभी पाण्याची. रेषा सरळ आली. चढ ०.८७०, आणि उभ्या अक्षाला ती शून्याच्या वर २.४ मिमीवर छेदते. घनता चढात आहे आणि ती ठरावीक लांबी छेदात. पाणी २५ अंशांवर होतं, त्याची घनता ९९७, म्हणजे तेलाची ८६८.

पडताळा म्हणून एकच छोटी बाटली आधी पाण्याने, मग तेलाने काठोकाठ भरून तोलली. पाणी १०२.४ ग्रॅम, तेल ८९.२ ग्रॅम, गुणोत्तर ०.८७१. काटा ०.१ ग्रॅमचा आहे, त्यामुळे तिसऱ्या अंकात एवढा फरक चालतो.

राहिले ते २.४ मिमी. कॅमेऱ्याचा कल शून्य-फोटोने आधीच वजा झाला होता, तेव्हा कारण नळीतच असणार. फोटो मोठा करून पाहिला तर तेल-पाण्याची सीमा मध्यभागी वर फुगलेली होती, पाऱ्याच्या पृष्ठभागासारखी. म्हणजे काचेला तेल चिकटलं होतं आणि पाणी कडेपासून मागे सरलं होतं. असा फुगवटा डावीकडच्या पाण्यावर जादा दाब टाकतो. त्यात उजवीकडे पाण्याचा पृष्ठताण, जो तेलाच्या दुपटीहून जास्त, पाण्याला वर ओढतो. दोन्ही परिणाम एकाच दिशेचे, आणि तेल किती ओतलं याच्याशी त्यांचा संबंध नाही. नळीत फक्त पाणी असताना दोन्ही भुजांत ओढ सारखीच असते, म्हणून शून्य-फोटोत हे दिसणं शक्यच नव्हतं.

हे खरं असेल तर काच बदलल्यावर छेद बदलायला हवा. काल नळी साबणाने धुतली, मग साबणाचा अंश उरू नये म्हणून भरपूर पाण्याने खळखळून काढली, कारण साबण राहिला तर पृष्ठताणच कोसळतो. पाणी आधी डाव्या भुजेत वरपर्यंत चढवून काच ओली केली आणि लगेच तेल सोडलं. या वेळी सीमा मध्यभागी खोलगट दिसली. तेल २१५.० मिमी, पाणी १८७.४ मिमी, गुणोत्तर ०.८७२. जुना चढ धरला तर जादा लांबी उरते ०.३ मिमी. सीमा खोलगट असली की ती आणि तेलाचा पृष्ठभाग मिळून डावीकडे जी ओढ लावतात, ती उजवीकडच्या पाण्याच्या ओढीला जवळजवळ पुरी पडते.

ही एकच भर आहे. ओल्या काचेवर पाचही भरी घेऊन छेद खरोखर शून्याजवळ राहतो का, की अर्ध्या तासात तेल पुन्हा काचेवर पसरतं, ते पुढच्या नोंदीत. नळी सध्या पाण्याने भरून ठेवली आहे.